धागा: राउटरला हार्डडिस्क लावल्यापासून बाहेरच्या खोलीतलं वायफाय गेलं, दांड्या मात्र फुल्ल दिसतात

गडग्याआतला
मंडळी नमस्कार, गुहागरजवळ आमचं घर आहे, जुनं चिरेबंदी, मागं नारळ-पोफळीची वाडी, आणि पुढच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. फायबर आहे १०० एमबीपीएसचं. राउटर माजघरात कोनाड्यात ठेवलाय कारण तिथूनच वायर आत येते. ५ गिगाहर्ट्झ चिऱ्याच्या भिंतीतून पलीकडे जात नाही त्यामुळे बाहेरच्या खोल्या, बेड्याजवळचा कॅमेरा आणि विहिरीवरच्या पंपाचा स्मार्ट प्लग हे सगळं २.४ वरच आहे आणि इतकी वर्षं व्यवस्थित चालत होतं.

आता एप्रिलपासून त्रास सुरू झालाय. कॅमेरा मध्येच ऑफलाइन जातो, शिपणं लावायच्या वेळी पंपाचा प्लग अॅपमधून सापडत नाही, आणि पाहुणे म्हणतात की व्हिडिओ बघता येतो पण व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला की गोल फिरत बसतं. मी स्वतः त्या खोलीत जाऊन बघितलं तर फोनवर वायफायच्या सगळ्या दांड्या भरलेल्या. राउटर बंद-चालू केला, रीसेट केला, कंपनीचा माणूस येऊन फायबरची पातळी बघून गेला, म्हणाला लाइन उत्तम आहे. नवीन काय केलं म्हणाल तर राउटरच्या मागच्या पोर्टला २ टीबीची पोर्टेबल डिस्क लावली, घरातल्या फोटोंच्या बॅकअपला आणि टीव्हीवर सिनेमे बघायला. पण त्याचा नि वायफायचा काय संबंध? सुट्टीचा सीझन आहे, लवकर सुटलं तर बरं.

चॅनलबदलू
चॅनल बदला आधी. राउटरच्या पानावर २.४ च्या सेटिंगमध्ये ऑटो असेल ते काढून १, ६ किंवा ११ यातलं एक द्या आणि रुंदी २० करून टाका, ४० ठेवू नका. सीझनला शेजारच्या सगळ्या होमस्टेवाल्यांचे राउटर, पाहुण्यांचे हॉटस्पॉट, सगळं एकाच वेळी ओरडत असतं. आमच्याकडे गणपतीपुळ्याला मे महिन्यात हेच होतं. डिस्कचा काही संबंध नाही.

माडाखालचो
माका वाटता खारी हवा. आमच्याकडे मालवणात कनेक्टर वर्षभरात हिरवे पडतत. राउटरची अँटेना काढून बघा, आत गंज आसात.

तारवाला
गडग्याआतला, घाई करून काही विकत आणू नका. तीन गोष्टी सांगा. डिस्क राउटरपासून किती लांब आहे, म्हणजे अगदी हातभर की चिकटून? डिस्कची वायर जी सोबत आली तीच आहे का, तिचं डिस्ककडचं टोक रुंद दोन भागांचं आहे की टाइप-सी? आणि बाहेरच्या खोलीत बसून स्पीड टेस्ट घ्या, पण खाली येणारा आणि वर जाणारा असे दोन्ही आकडे वेगवेगळे लिहा, आणि फोन २.४ वरच आहे याची खात्री करून घ्या. मग राउटरच्या पानावरून डिस्क नीट इजेक्ट करा, वायर राउटरमधून उपसून काढा आणि त्याच जागी बसून तीच टेस्ट पुन्हा. नुसती डिस्क वापरात नाही एवढं पुरत नाही, वायर निघालीच पाहिजे. का ते नंतर सांगतो.

चॅनल बदलून बघायला हरकत नाही पण मला वाटत नाही त्यानं फरक पडेल.

गडग्याआतला
घेतली टेस्ट. डिस्क राउटरच्या डोक्यावरच ठेवली आहे, कोनाडा लहान आहे हो, दुसरीकडे जागाच नाही. वायर सोबत आलेलीच, वीतभर लांब, आत निळं प्लास्टिक, डिस्ककडचं टोक रुंद दोन भागांचं.

बाहेरच्या खोलीत डिस्क लावलेली असताना खाली ३८, वर १.५. डिस्क काढून खाली ४६, वर २७!! तीन-तीनदा घेतली, थोडा इकडे तिकडे पण हेच. चॅनल १ आणि ११ दोन्हीवर डिस्क लावून बघितलं, वरचा आकडा दोनाच्या पुढे गेला नाही. आता एवढंच सांगा की डिस्क खराब आहे का राउटर खराब आहे, म्हणजे बदलून मागता येईल.

तारवाला
दोन्ही चांगले आहेत. बदलून आणलंत तरी नवीन जोडी तेच करील.

यूएसबी ३ च्या वायरीतून सेकंदाला ५ अब्ज बिट जातात. इतक्या वेगानं तार वरखाली होते तेव्हा त्या तारेतली विजेची हालचाल शून्यापासून ते ५ गिगाहर्ट्झच्या आसपासपर्यंत पसरलेली असते, त्यात एक सूर असा नसतो, सगळीकडे पसरलेली खरखर असते, कारण डेटा मुद्दाम विस्कटूनच पाठवतात. आणि २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्याच्या बरोबर मध्यात येतं. तार, तिची टोकं, डिस्कच्या डबीतलं सर्किट, राउटरचा पोर्ट, जिथं जिथं आवरण कच्चं आहे तिथून ही खरखर हवेत गळते. ताकद नगण्य असते, पण तुमच्या राउटरची अँटेना तिथून चार बोटांवर आहे आणि तिला ऐकायचंय विहिरीवरच्या त्या इवल्याशा प्लगचं बोलणं. म्हणून चॅनल १ काय नि ११ काय, खरखर २४१२ पासून २४६२ मेगाहर्ट्झपर्यंत सगळीकडे सारखीच पडलेली. चॅनलबदलू म्हणतात ते शेजाऱ्यांच्या गर्दीवर लागू आहे, यावर नाही. इंटेलनं २०१२ साली यावर एक पेपर काढला होता, त्यांच्या मोजणीत डिस्क जोडल्यावर २.४ च्या पट्ट्यातली खरखर जवळजवळ २० डेसिबलपर्यंत चढली होती. फिल्टर लावून ती काढता येत नाही असंही त्यात म्हटलंय, कारण ती यूएसबीच्या सिग्नलचाच भाग आहे, काढली तर डेटाच जाईल.

आता दांड्या फुल्ल का दिसतात ते. फोनवरच्या दांड्या म्हणजे राउटरचा आवाज फोनपर्यंत किती जोरात पोचतो तेवढंच. राउटरला फोनचा आवाज ऐकू येतोय की नाही हे त्यात दिसतच नाही. भातगिरणीत मशीनशेजारी उभा असलेला माणूस जोरात ओरडला तर अंगणात तुम्हाला स्पष्ट ऐकू येतं, पण तुम्ही अंगणातून उत्तर दिलंत तर त्याच्या कानावर काहीच पडत नाही. तुमचा राउटर त्या गिरणीत उभा आहे. म्हणून खाली येणारा आकडा थोडाच पडला आणि वर जाणारा मेला. खालचासुद्धा ४६ वरून ३८ झाला तो यामुळे की फोन प्रत्येक वेळी 'मिळालं' म्हणून पावती देतो आणि त्यातल्या काही पावत्या राउटरला ऐकू येत नाहीत, मग तो तेच परत पाठवत बसतो.

आणि कॅमेरा सगळ्यात आधी का पडला याचंही उत्तर यातच आहे. कॅमेरा दिवसभर फक्त वर पाठवण्याचंच काम करतो, अँटेना बोटाएवढी, शिवाय दोन भिंती पलीकडे.

कीबोर्डप्रेमी
अरे हे तर माझ्या माऊसचं झालं! चिपळूणला ऑफिसात लॅपटॉपला टाइप-सीचा हब लावतो, त्यात मॉनिटर, लॅनची वायर, पेनड्राइव्ह आणि माऊसचा छोटा डोंगल. माऊस अडकत अडकत चालतो, सेल बदलले, माऊस बदलला. मग हा पण राउटरचाच प्रॉब्लेम का? आमचा राउटर तर दुसऱ्या मजल्यावर आहे.

तारवाला
राउटरचा नाही, तुमच्या हबचा. माऊसचा डोंगल पण २.४ वर बोलतो आणि तुम्ही त्याला खरखरीच्या अगदी मांडीवर बसवलाय. डोंगल लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावा, किंवा हातभर लांबीची साधी यूएसबी २ ची एक्स्टेन्शन घेऊन डोंगल टेबलावर माऊसजवळ आणा. लॅपटॉपचं वायफाय २.४ वर असेल तर तेही बघा, तुमच्या बाबतीत उलटं दिसेल, वर जाणारं ठीक आणि खाली येणारं पडलेलं, कारण इथं बहिरा झालाय तो लॅपटॉप. कुठला आकडा पडतो त्यावरून खरखर कुठल्या टोकाला आहे ते कळतं.

कीबोर्डप्रेमी
लॅपटॉप लॅनवर आहे त्यामुळे वायफाय बघितलं नाही. डोंगल एक्स्टेन्शनवर घेतला, माऊस लोण्यासारखा चालतोय. एवढे दिवस उगाच सेल घालत होतो.

चॅनलबदलू
मला अजून पटत नाही. रात्री दोन वाजता त्या डिस्कवर कोण काय कॉपी करतंय? डिस्क झोपलेली असते, प्लेट फिरायच्या थांबतात, हाताला कंप लागत नाही. मग खरखर कुठून येणार? आणि कॅमेरा तर रात्रीही पडतो म्हणता. २० ची रुंदी करून बघितली का ते सांगितलं नाही त्यांनी.

तारवाला
प्रश्न चांगला आहे, आणि वायर उपसूनच टेस्ट घ्या म्हटलं ते याचसाठी. यूएसबी २ मध्ये बोलायचं नसेल तेव्हा तार बऱ्यापैकी गप्प असते. यूएसबी ३ मध्ये दोन्ही टोकं एकदा जागी झाली की पाठवायला काही नसलं तरी रिकामी अक्षरं त्याच ५ अब्जच्या वेगानं सतत पाठवत राहतात, तीही विस्कटलेली, म्हणजे हवेतल्या खरखरीला डेटा चाललाय की रिकामं चाललंय काही फरक नाही. तारेला झोपवायची सोय यूएसबी ३ मध्ये आहे, पण ती राउटरनं आणि डिस्कनं दोघांनी वापरली तर. बऱ्याच जोड्या वापरत नाहीत. प्लेट फिरायच्या थांबल्या म्हणजे मोटर थांबली, तार नाही थांबली.

खाडीकाठ
मी दाभोळ खाडीच्या अलीकडे राहतो आणि माझ्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी आहे, हा धागा वाचून आज मोजूनच बघितलं. ज्यांच्याकडे हे असेल त्यांनी राउटरमध्ये शिरून एवढं चालवायचं, इंटरफेसचं नाव तुमच्याकडे वेगळं असू शकेल:

```
iw dev wlan0 survey dump
```

भरपूर ओळी येतात, त्यात जिथं in use लिहिलंय त्याखालची noise ची ओळ बघायची. डिस्क काढलेली असताना माझ्याकडे:

```
frequency:  2437 MHz [in use]
noise:      -95 dBm
```

एसएसडी राउटरच्या कुशीत ठेवून जोडली, त्यावर काहीही कॉपी चालू नाही, आणि noise झाला -80. पंधरा डेसिबल! मग तीच एसएसडी चांगल्या जाड मीटरभर वायरीवर लांब नेली तर -91, -92 च्या आसपास. आणि पंपाचा प्लग राउटरला किती जोरात ऐकू येतो ते याने दिसतं:

```
iw dev wlan0 station dump
```

त्यात प्लगचा signal -74 आहे. म्हणजे डिस्क नसताना प्लगचा आवाज खरखरीच्या २१ डेसिबल वर, आणि डिस्क शेजारी असताना फक्त ६ वर. त्याच यादीत rx bitrate म्हणून ओळ आहे, ती म्हणजे प्लगकडून राउटरकडे येणारा वेग, ती डिस्क लावल्यावर घसरून अगदी तळाला 6.5 MBit/s वर गेली आणि मध्येमध्ये प्लग यादीतूनच गायब. तारवाल्यांच्या सांगण्याचा अर्थ आकड्यात दिसला म्हणून लिहिलं.

तारवाला
झकास मोजलंत. एक सांगून ठेवतो इतरांसाठी, noise चा आकडा सगळ्या चिपवर विश्वासाचा नसतो, काहींवर तो डिस्क लावा नाहीतर काढा, -95 असाच चिकटून बसतो. तसं दिसलं तर खरखर नाही असा निष्कर्ष काढू नका, rx bitrate आणि प्रत्यक्ष वर जाणारा वेग बघा. ६ डेसिबल म्हणजे सगळ्यात सावकाश वेग कसाबसा निघतो, त्यात मध्ये कुणी माणूस उभा राहिला किंवा दार लागलं तर तेही गेलं. म्हणून हे उपकरण कधी चालतं कधी नाही असं वाटतं आणि लोक उपकरणालाच दोष देतात.

गडग्याआतला
चॅनलबदलू, २० ची रुंदी केली आहे, फरक नाही. बरं मग मी आता करू काय? कोनाडा मोठा होणार नाही, चिरा फोडायला वडील परवानगी देणार नाहीत. डिस्क पण हवीय, घरातल्यांना टीव्हीवर सिनेमे लागतात. वडिलांचे आंबा बागेचे हिशोबही त्यातच ठेवलेत.

माडाखालचो
ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा डिस्कला. जेवणाच्या डब्याला लावतत ती. यूट्यूबवर बघलंय मी.

तारवाला
फॉइलनं थोडं होतं, पण तिचं धातूचं अंग कनेक्टरच्या पत्र्याला सगळ्या बाजूंनी घट्ट टेकलं तरच, नुसती गुंडाळली तर फटीतून गळतंच. शिवाय मे महिन्यात बंद कोनाड्यात डिस्क फॉइलमध्ये कोंडलीत तर ती उकडून निघेल, आणि फॉइलचा तुकडा पोर्टमध्ये शिरला तर शॉर्ट. मी करणार नाही. वायरीवर चिकटवतात ते काळे फेराइटचे गोळे पण आणू नका, बाजारात मिळणारे बहुतेक याच्यापेक्षा फार खालच्या फ्रिक्वेन्सीसाठी असतात.

माडाखालच्यांच्या खाऱ्या हवेत मात्र तथ्य आहे, अँटेनापेक्षा यूएसबीच्या तोंडाशी. आवरणाचं काम कनेक्टरच्या पत्र्यानं पत्र्याला टेकून होतं. तो पत्रा गंजून डागाळला की टेकणं कच्चं होतं आणि गळती वाढते. वायर काढाल तेव्हा टोकाचा पत्रा बघा, हिरवं-तपकिरी दिसलं तर वायर बदलाच.

आता तुमच्यासाठी सगळ्यात सोपं: डिस्कला यूएसबी २ वर उतरवा. तुमच्या डिस्कचं जे रुंद दोन भागांचं तोंड आहे ना, त्याच्या मोठ्या भागात जुन्या फोनच्या चार्जरची मायक्रो यूएसबी वायर बसते. ती लावलीत की डिस्क आपोआप जुन्या वेगानं चालते, सेकंदाला ४८ कोटी बिट, आणि २.४ च्या पट्ट्यात तिचा त्रास जवळजवळ उरत नाही. वायर मात्र डेटावाली पाहिजे, काही स्वस्त वायरी नुसत्या चार्जिंगच्या असतात, तसं असेल तर डिस्क राउटरला दिसणारच नाही. आणि आखूड, जाड वायर बघा. बारीक लांब वायरीत व्होल्टेज पडतं आणि पोर्टेबल डिस्क पुरेशी वीज मिळाली नाही की टिक-टिक आवाज काढते, असा आवाज आला तर लगेच काढा, डेटा जाऊ शकतो. बागेचे हिशोब आहेत म्हणता, त्याची एक प्रत आधी दुसरीकडे काढून ठेवा.

वेगाची चिंता करू नका. यूएसबी २ वरही डिस्क सेकंदाला तीस-पस्तीस एमबी देते, तुमची १०० ची लाइन सेकंदाला बारा एमबीच्या आसपास. टीव्हीवरचा सिनेमा त्याहून कितीतरी कमीत चालतो. पहिल्यांदा सगळे फोटो चढवताना वेळ लागेल, ते काम डिस्क लॅपटॉपला यूएसबी ३ नं लावून उरकून घ्या आणि मग कोनाड्यात ठेवा.

ज्यांच्या डिस्कला टाइप-सी आहे त्यांनी राउटर आणि वायर यांच्या मध्ये यूएसबी २ ची हातभर एक्स्टेन्शन घालायची, परिणाम तोच. ओळखायची कशी, तर टोकात डोकावून बघा, यूएसबी २ मध्ये चारच पट्ट्या असतात, ३ मध्ये त्यांच्यामागे आणखी पाच. नुसत्या निळ्या रंगावर जाऊ नका.

पडवीतली
मध्येच विचारते. आमच्या राउटरच्या पानावर यूएसबीच्या खाली USB 2.0 आणि USB 3.0 अशी निवड आहे. ती हेच करते का? मग वायर बदलायची गरज नाही ना?

तारवाला
हो, तेच. काही कंपन्यांनी हा प्रश्न माहीत असल्यामुळेच ती निवड ठेवली आहे. 2.0 करा, राउटर रीस्टार्ट करा आणि मग वरची स्पीड टेस्ट दोन्ही प्रकारे घेऊन खात्री करा. गडग्याआतल्यांच्या राउटरला ती सोय असेल तर उत्तमच.

गडग्याआतला
आमच्यात ती निवड नाही, शोधली. पण जुन्या फोनच्या वायरीनं काम झालं! पहिली वायर नुसती चार्जिंगची निघाली, डिस्क दिसलीच नाही. दुसरी बहिणीच्या जुन्या फोनची होती, ती लावली, टिकटिक नाही. बाहेरच्या खोलीत खाली ४५, वर २६. डिस्क राउटरच्या डोक्यावरच आहे अजून, जागेवरून हलवली नाही! कॅमेरा कालपासून एकदाही पडला नाही, आणि आज सकाळी शिपणं अॅपमधूनच लावलं, वडिलांना विहिरीपर्यंत जावं लागलं नाही. हिशोबाची प्रत आधीच काढली होती. फार आभार, सगळ्यांचेच.

एक अडचण आहे पण. मला प्रिंटरही लावायचाय आणि राउटरला पोर्ट एकच. घरी यूएसबी ३ चा चार तोंडांचा हब पडलाय. डिस्क आता यूएसबी २ च्या वायरीवर आहे, प्रिंटर तर २ चाच असतो, मग हब ३ चा असला तर चालेल ना?

तारवाला
टाळा. त्या हबला काही लावलेलं नसलं तरी हब स्वतः राउटरशी यूएसबी ३ नं जोडला जातो. काही राउटर हबवर ३ चं काही नाही हे बघून ती तार झोपवतात, काही नाही झोपवत, आणि मग हबची आखूड वायर परत कोनाड्यात खरखर करत बसेल. यूएसबी २ चा हब घ्या, स्वतःच्या अडॅप्टरचा असला तर आणखी बरं, डिस्क आणि प्रिंटर दोघांना राउटरच्या एका पोर्टची वीज पुरवायला नको. किंवा घरचाच हब वापरायचा तर राउटर आणि हबच्या मध्ये ती यूएसबी २ ची एक्स्टेन्शन घाला, म्हणजे सगळा हबच खाली उतरतो.

चॅनलबदलू
मान्य आहे, या केसमध्ये डिस्कच होती. तरी माझं म्हणणं सोडत नाही की सीझनमध्ये गर्दी हा पण त्रास आहेच. डिस्क काढूनही खाली ४६ च का मिळतंय त्यांना, लाइन तर १०० ची आहे?

तारवाला
ते बरोबर धरलंत. तो फरक चिऱ्याचा, अंतराचा, २० च्या रुंदीचा आणि शेजाऱ्यांचा मिळून आहे, आणि तिथं तुमचा चॅनलचा सल्ला उपयोगी आहे. गर्दी आहे की खरखर आहे हे वेगळं करायचं तर चॅनल बदलून फरक पडतो का बघायचं. गर्दी एका चॅनलवर जास्त दुसऱ्यावर कमी असते आणि रात्री उशिरा हलकी होते. यूएसबीची खरखर सगळ्या चॅनलवर सारखी, दिवसरात्र तीच, आणि वायर उपसली की क्षणात नाहीशी.

पडवीतली
निवड 2.0 केली. आमच्याकडे फरक थोडाच पडला. वर जाणारं ४ वरून ९ झालं. डिस्क काढली तर १९ जातं. म्हणजे अजून काहीतरी आहे. डिस्क मोठी आहे, टेबलावर ठेवायची, वेगळ्या अडॅप्टरवाली.

तारवाला
हं. त्या अडॅप्टरकडे बघा, स्वस्त अडॅप्टर स्वतःच घाण पसरवतात, पण ती सहसा इतक्या वर, २.४ पर्यंत पोचत नाही. तेव्हा आधी हे तपासा की निवड खरंच लागू झाली का. डिस्कवरची एखादी मोठी फाइल लॅनच्या वायरीनं जोडलेल्या लॅपटॉपवर कॉपी करून बघा, सेकंदाला चाळीसच्या पुढे एमबी येत असतील तर डिस्क अजून ३ वरच चालते आहे, सेटिंगनं काही केलेलं नाही. चाळीसच्या आत असेल तर डिस्क जोडलेलीच ठेवून राउटरपासून लांब सरकवा, मीटरभर तरी. हातभराच्या आत असलेली वस्तू दुप्पट लांब नेली की खरखर साधारण सहा डेसिबलनं उतरते, दहापट नेली की वीस, त्यामुळे पहिला मीटर सगळ्यात कामाचा, पुढं तेवढा फायदा नाही. काय येतं ते लिहा.

खाडीकाठ
तारवाला, मला एक विचारायचंय. माझी एसएसडी १० गिगाबिटवाली आहे, राउटरचा पोर्ट ५ चा म्हणून ५ वरच चालते. पण पुढचा राउटर १० च्या पोर्टचा घेतला तर खरखर ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पण येईल का? आता माझ्याकडे ५ गिगाहर्ट्झवर काहीच फरक दिसत नाही, noise जागचा हलत नाही.

तारवाला
आता दिसत नाही ते बरोबर आहे. ५ अब्जच्या वेगाला ५ गिगाहर्ट्झच्या आसपास खरखरीत खळगा पडतो आणि वायफायचा पट्टा त्याच्या लगेच पुढे ५.२ पासून सुरू होतो. १० च्या वेगाला तो खळगा १० वर सरकतो, म्हणजे हिशोबानं ५ चा पट्टा मधोमध येतो. पण प्रत्यक्षात गळती किती होते ते वायरीच्या आणि कनेक्टरच्या आवरणावर आहे, आणि १० च्या वायरी सहसा जास्त नीट बांधलेल्या असतात. मी स्वतः मोजलेलं नाही. तुमच्याकडे एसएसडी आहे, १० चा पोर्ट असलेला लॅपटॉप कुणाकडे मिळाला तर त्याच्याजवळ तुमचा राउटर ५ गिगाहर्ट्झवर ठेवून तोच survey dump घ्या ना.

खाडीकाठ
मावसभावाकडे दापोलीला तसा लॅपटॉप आहे, या शनिवारी जातोय. पोर्ट १० चा आहे का ते कसं बघू?

तारवाला
लॅपटॉपवर लिनक्स असेल तर एसएसडी लावून

```
lsusb -t
```

ओळीच्या शेवटी 10000M आलं तर १० वर, 5000M म्हणजे ५, आणि 480M म्हणजे यूएसबी २. विंडोज असेल तर मोठी फाइल कॉपी करून वेग बघा, सेकंदाला पाचशे एमबीच्या बराच पुढे गेला तर १० वर आहे. वायर एसएसडीसोबत आलेलीच न्या, नाहीतर उगाच ४८० वर उतरेल आणि काहीच दिसणार नाही.

पडवीतली
कॉपी करून बघितली. सेकंदाला ९० एमबी. म्हणजे ३ वरच चालतेय. सेटिंग सेव्ह झालेली दिसते, तरी. एक्स्टेन्शन आणते उद्या बाजारातून.